विल्सन मिररमधला तो दोनाचा भागाकार

आज संध्याकाळी विल्सन करंट मिरर पुन्हा कोऱ्या कागदावर मांडला. सूत्र पाठ आहे: आउटपुट रेझिस्टन्स साधारण β·ro/2. पण त्यातला 2 नेमका कुठून येतो, हे आकृतीकडे बघत बोलता येईपर्यंत चैन पडत नाही. पुस्तकांत बहुतेकदा पूर्ण स्मॉल-सिग्नल मॉडेल काढतात, चार समीकरणं सोडवतात आणि शेवटी "β खूप मोठा धरल्यास" म्हणून उत्तर टेकवतात. बीजगणित बरोबर असतं, पण हाती काही लागत नाही.

हे सर्किट १९६७ सालचं. टेक्ट्रॉनिक्समध्ये जॉर्ज विल्सन आणि बॅरी गिल्बर्ट यांनी एकमेकांना आव्हान दिलं होतं, की फक्त तीन ट्रान्झिस्टर वापरून सुधारलेला मिरर करून दाखवायचा. विल्सन जिंकला.

रचना अशी. Q1 आणि Q2 यांचे बेस एकमेकांना जोडलेले, एमिटर जमिनीला. Q2 चा कलेक्टर त्याच्याच बेसला जोडलेला, म्हणजे तो डायोडसारखा. त्याच्या डोक्यावर Q3 चा एमिटर. Q3 चा बेस Q1 च्या कलेक्टरला, आणि इनपुट करंट त्याच बिंदूत येतो. आउटपुट Q3 च्या कलेक्टरवर. साध्या मिररमध्ये डायोड इनपुटच्या बाजूला असतो. इथे तो आउटपुटच्या वाटेवर बसवलाय. सगळी गंमत या अदलाबदलीत आहे.

आता आउटपुटला vx एवढं छोटं व्होल्टेज लावायचं, आत जाणारा करंट ix म्हणायचा. इनपुटला आदर्श करंट सोर्स आहे, म्हणजे बदलत्या करंटला तिथून वाट नाही. पहिल्या नजरेला वाटतं, Q3 च्या एमिटरखाली Q2 चा 1/gm आहे, म्हणजे हे एमिटर डीजनरेशन. रेझिस्टन्स ro(1 + gm·1/gm), म्हणजे 2ro. Q3 चा बेस बांधून ठेवला असता तर खरंच एवढाच मिळाला असता. पण तो बांधलेला नाही.

Q3 च्या एमिटरमधून जो करंट खाली उतरतो, तो Q2 आणि Q1 मिळून साध्या मिररसारखा उतरवून घेतात. म्हणजे तेवढाच करंट Q1 चा कलेक्टर वरच्या बिंदूतून ओढतो. तो आणणार कुठून? इनपुट सोर्स काही देत नाही. उरतो Q3 चा बेस. तेव्हा एमिटरमधून जेवढा करंट खाली जातो, तेवढाच बेसमधूनही बाहेर पडायला हवा. ix दोन वाटांनी बाहेर पडतो आणि दोन्ही वाटांचे वाटे सारखे. हाच तो 2.

```
ie3 = ix + ib3
ib3 = -ic1 ≈ -ie3
=> ib3 = -ix/2
ix = β·ib3 + vx/ro
=> Rout ≈ ro(1 + β/2)
```

शेवटून दुसऱ्या ओळीत एमिटरचं व्होल्टेज सोडून दिलंय, कारण ते ix/2 गुणिले 1/gm एवढंच, म्हणजे नगण्य. बेसमधून ix/2 बाहेर पडला की ट्रान्झिस्टर आपला कलेक्टर करंट β पट, म्हणजे β·ix/2 ने कमी करतो. एकूण कलेक्टर करंट तरी ix एवढाच वाढलाय, म्हणून बाकीचा सगळा ro मधून यावा लागतो आणि त्यासाठी vx भरपूर मोठं लागतं. रेझिस्टन्स वाढला तो असा, फीडबॅकने. एमिटरखाली काही मोठं ठेवल्याने नाही.

आकडे घालून पाहिले. करंट १ मिलिअँपिअर, β १००, अर्ली व्होल्टेज १०० व्होल्ट. ro झाला १०० किलोओहम. आउटपुट १० व्होल्टने हललं तर साध्या मिररचा करंट ०.१ मिलिअँपिअरने, म्हणजे १० टक्क्यांनी बदलतो. विल्सनमध्ये Rout सुमारे ५ मेगाओहम, बदल २ मायक्रोअँपिअर, म्हणजे ०.२ टक्के. एका जास्तीच्या ट्रान्झिस्टरच्या मानाने हा सौदा फारच स्वस्त.

आदर्श सोर्सऐवजी १५ व्होल्टवरून नुसता रेझिस्टर लावला तर? इनपुट बिंदू दोन VBE वर, म्हणजे १.४ व्होल्टवर बसतो, म्हणून रेझिस्टर १३.६ किलोओहम. आता Q1 ला करंट मिळवायची दुसरी वाट झाली. Q3 चा rπ २.६ किलोओहम, आणि रेझिस्टर व Q1 चा ro समांतर धरले तर सुमारे १२ किलोओहम. गुणोत्तर ०.२२. भाजक 2 चा 2.22 होतो आणि Rout ४.६ मेगाओहमवर येतो. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे नुकसान कमीच निघालं.

बेस करंटची चूकही याच रचनेत जवळजवळ मिटते. इनपुटकडून Q3 चा एक बेस करंट जातो, आणि आउटपुटच्या वाटेत Q1, Q2 चे दोन बेस करंट एमिटरला मिळतात, पण Q3 त्यातला एक स्वतःचा म्हणून वजा करतो. दोन्ही बाजूंना एकेक उरतो. नीट सोडवलं तर:

```
Iout/Iin = 1 - 2/(β² + 2β + 2)
```

β १०० असताना चूक ०.०२ टक्के, साध्या मिररमध्ये सुमारे २ टक्के. पण या आकड्यावर फार भुलू नये. Q1 च्या कलेक्टरवर १.४ व्होल्ट आहेत आणि Q2 च्या कलेक्टरवर ०.७. अर्ली परिणामाने Q1 जरा जास्त ओढतो, आणि आउटपुट ०.७ टक्क्यांनी कमी पडतं. ही चूक आधीच्या चुकीच्या पस्तीस पट! ती जावी म्हणून Q1 च्या कलेक्टरमध्ये चौथा, डायोडसारखा जोडलेला ट्रान्झिस्टर घालतात, म्हणजे दोघांनाही ०.७ मिळतात. सुटे ट्रान्झिस्टर वापरणाऱ्याने मात्र तिकडे वळूच नये: VBE मध्ये १ मिलिव्होल्टचा फरक म्हणजे करंटमध्ये ४ टक्के. आधी एकाच चिपवरची जोडी घ्यावी, मग बाकीचं.

किंमत मोजावी लागते ती व्होल्टेजमध्ये. आउटपुट सुमारे ०.९ व्होल्टच्या खाली गेलं की Q3 सॅच्युरेट होतो आणि वरचं सगळं गणित कोसळतं. साधा मिरर ०.२ पर्यंत चालतो.

मोजणीची एक अडचण लिहून ठेवते. आउटपुट बिंदू आणि जमीन यांच्यामध्ये १० मेगाओहमचा मीटर लावला, तर १० व्होल्टला तोच १ मायक्रोअँपिअर पितो, आणि आपण शोधतोय २. म्हणून सप्लाय आणि कलेक्टर यांच्यामध्ये १ किलोओहम ठेवून त्याच्या दोन टोकांवर मोजायचं. १ व्होल्टमध्ये २ मिलिव्होल्टचा फरक पडतो. साध्या साडेतीन अंकी मीटरवर शेवटचा अंक दोनाने हलेल, एवढंच. साडेचार अंकी हवा.

मॉसफेट घालून हीच चाचणी मनात करून पाहिली. गेटमधून करंट निघतच नाही, म्हणून सगळा ix खाली जातो, आणि M1 ला आपला करंट स्वतःच्याच ro मधून आणावा लागतो. तिथे Rout साधारण gm·ro² येतो आणि 2 गायब होतो. बायपोलरमध्ये rπ हा ro पेक्षा फार लहान, म्हणून करंट बेसचीच वाट धरतो. β सांत असण्याची मर्यादा शेवटी तिथून येते. चार ट्रान्झिस्टरच्या रूपाचं हेच गणित उद्या करायचंय. Rout मध्ये फार फरक पडू नये असा माझा अंदाज आहे.