स्टॉप 822 दाखवत होता, विक्री 806 ला झाली

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका छोट्या ट्रेडिंग ऑफिससाठी मी ऑर्डरचे प्रोग्रॅम लिहिते. त्या दिवशी काकांनी 800 ला 200 शेअर घेतले होते. नियम सोपा: भाव जिथपर्यंत चढला असेल, त्याच्या 8 रुपये खाली स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथे उतरला की शेअर आपोआप विकला जाणार. भाव चढला की स्टॉप वर सरकणार, उतरला तरी खाली येणार नाही. म्हणजे सुरुवात 792 पासून.

भाव हळूहळू 830 वर गेला. स्क्रीनवर स्टॉप 822 दिसत होता. काका निवांत होते. मग भाव पडला. 822 मागे गेला, 815 गेला, तरी शेअर आमच्याकडेच. "अगं, विकला का नाही?" काका उभेच राहिले. शेवटी 806 ला ट्रिगर लागला. शेअरमागे 16 रुपये, म्हणजे 3200 रुपये हातचे गेले.

मी ऑर्डर बुक उघडलं. तिथे ट्रिगर 806 च होता आणि त्याखाली रिजेक्ट झालेल्या मॉडिफायची लांबलचक रांग. आमच्या ब्रोकरकडे एक ऑर्डर 25 वेळाच बदलता येते. माझा प्रोग्रॅम मात्र प्रत्येक नव्या उच्चांकाला, अगदी 20 पैशांसाठीसुद्धा, बदल पाठवत होता. 792 ते 806 चढतानाच कोटा संपला होता. त्याहून वाईट चूक पुढची: उत्तर यायच्या आधीच मी नवा स्टॉप माझ्या व्हेरिएबलमध्ये लिहून मोकळी होत होते. म्हणून स्क्रीन 822 म्हणत राहिली.

काका म्हणाले, "पाच मिनिटांची कँडल बंद झाली की एकदाच सरकव ना." मला ते पटलं नाही. भाव दोन मिनिटांत 10 रुपये चढून तसाच खाली आला, तर स्टॉप जुन्याच जागी राहील. मोजणं प्रत्येक टिकला, म्हणजे भावाच्या दर बदलाला, हवंच. आवरायचं ते पाठवणं.

```python
new_sl = high - 8
if not pending and new_sl - confirmed_sl >= 2:
    modify(new_sl)
```

`confirmed_sl` आता ब्रोकरकडून बदल मंजूर झाल्यावरच बदलतो, आणि एक बदल अधांतरी असताना दुसरा जात नाही. 792 ते 822 म्हणजे 30 रुपये. दोन-दोनच्या पायरीने जास्तीत जास्त 15 बदल. स्टॉप कधीकधी जवळपास दोन रुपये मागे राहतो, तेवढं मी जाणूनबुजून सोडलंय. कोटा संपल्यावर जुनी ऑर्डर रद्द करून नवी टाकायची वाट मी घेतली नाही, कारण मधल्या क्षणात शेअर स्टॉपशिवाय उघडा पडतो.

संध्याकाळी त्याच दिवसाचे टिक पुन्हा चालवले. 13 बदल झाले, शेवटचा स्टॉप 821.20. काकांच्या स्क्रीनवर मी आता दोन आकडे ठेवलेत: आमच्या हिशोबाचा आणि ब्रोकरकडे खरोखर लागलेला. दोघांत दोन रुपयांहून जास्त अंतर पडून ते पाच सेकंद टिकलं, की घंटी वाजते.