राजमाची ते कोंदिवडे : मुरगळलेला घोटा आणि उशिरा घेतलेला निर्णय

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी मुंबईहून चौदा जणांना घेऊन राजमाचीला गेलो होतो. लोणावळ्याकडून चढायचं, उधेवाडीत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी कोंढाणे लेण्यांच्या वाटेने कोंदिवड्याला उतरून कर्जतहून लोकल. शनिवार उत्तम गेला, गडाचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले झाले. त्यावर इथे लिहीत नाही. लिहायचंय ते रविवारच्या दुपारबद्दल.

उधेवाडीतून कोंढाण्याकडे उतरताना अर्ध्या तासाने जो दगडधोंड्यांचा ओढा लागतो, तो पावसाळा संपत आला की भर पावसापेक्षा वाईट असतो. पाणी कमी झालेलं असतं, पण शेवाळ तसंच राहतं आणि वर गवत वाढल्यामुळे पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. जवळपास सगळीकडे या उतरणीला 'दोन तास' म्हणून सांगतात. धडधाकट माणसं, कोरडी वाट आणि छोटा गट असेल तरच ते खरं आहे. चौदा जणांना सप्टेंबरमध्ये साडेतीन तास धरा.

ओढ्याच्या अलीकडेच, उधेवाडी सोडून पंचवीस मिनिटं झाली असताना, एक वाजून चाळीस मिनिटांनी मुलुंडच्या एका ताईंचा उजवा पाय गवतातल्या हलत्या दगडावर पडला. पाऊल आतल्या बाजूला वळलं आणि त्या खाली बसल्या. मी पोचलो तेव्हा म्हणाल्या, "काही नाही दादा, जरा मुरगळलाय, चालेन मी."

बूट सैल करून मोजा उतरवला. बाहेरच्या घोट्याच्या पुढे आणि खाली बोट टेकताच त्या कळवळल्या. मग हाडं तपासली. दोन्ही घोट्यांची मागची कड टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत, करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या कडेवर मधोमध असणारा उंचवटा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड. यांपैकी कुठेही दाबल्यावर दुखलं, किंवा माणूस पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकू शकला नाही, तर एक्स-रे हवाच, असा डॉक्टरांचा ठरलेला नियम आहे. त्याला ओटावा नियम म्हणतात. ताईंचं हाड कुठेच दुखत नव्हतं. उठवल्यावर लंगडत का होईना, त्यांनी चार पावलं टाकली.

इथे माझं चुकलं. हाड मोडलेलं दिसत नाही, म्हणजे खाली नेता येईल, असा अर्थ मी लावला. तो नियम एक्स-रे काढायचा की नाही एवढंच सांगतो. शेवाळलेल्या ओढ्यातून तीन तास उतरता येईल का, हा प्रश्नच निराळा आहे आणि त्याचं उत्तर त्या चार पावलांत नसतं. सपाटीवरची चार पावलं आणि उतरणीवर पूर्ण भार घेऊन टाकलेलं एक पाऊल यांत फार फरक आहे, कारण उतरताना दुखावलेल्या स्नायुबंधावर जास्त ताण येतो. मला खरं तर त्यांना तिथल्याच एखाद्या गुडघाभर दगडावरून दोनदा खाली उतरायला सांगायला हवं होतं. दोन मिनिटांत कळलं असतं.

त्याऐवजी क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांधलं, बूट परत घातला, दोन काठ्या दिल्या, त्यांची सॅक मी घेतली आणि निघालो. वीस मिनिटांत आम्ही जेमतेम दीडशे मीटर गेलो असू. ओढ्याच्या पहिल्या उतारावर तोच पाय दुसऱ्यांदा वळला. या वेळी त्या बोलल्या नाहीत, रडल्या. घोट्याबाहेर अंड्याएवढी सूज आली होती आणि पाय टेकवत नव्हता.

सव्वादोन वाजले होते. सूर्यास्त साधारण साडेसहाला, पण झाडीत सहालाच अंधारतं. खाली जायचं तर त्यांना पाठुंगळी घ्यावं लागलं असतं. त्या उतारावर दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहू शकत नाहीत, म्हणजे झोळीही चालत नाही. पाठीवर माणूस घेऊन शेवाळावरून कुणी घसरलं तर एकाचे दोन जखमी. आमच्या चालीने पाच तास तरी लागले असते, म्हणजे शेवटचा तास-दीड तास बॅटरीवर. वर मात्र उधेवाडी अर्ध्या-पाऊण तासावर होती, तिथे घरं होती, माणसं होती आणि लोणावळ्यापर्यंत सुमारे पंधरा किलोमीटरचा जीपरस्ता. खाली जायला निघालेल्या माणसाला परत वर जायचं सुचतच नाही. मलाही पाच मिनिटं सुचलं नाही.

गट फोडला. माझा जोडीदार लीडर पुढे आणि गटातला एक जुना ट्रेकर शेवटी, असे बाराही जण कोंदिवड्याला निघाले. जोडीदार दर अर्ध्या तासाला सगळ्यांची मोजणी करणार होता. ताईंची मैत्रीण आमच्याबरोबर थांबली. फोनला रेंज नव्हती. मैत्रिणीला ताईंजवळ ठेवून मी एकटा उधेवाडीला पळत गेलो आणि तिथल्या चार गड्यांना घेऊन आलो. बांबू आणि घोंगडीची झोळी त्यांनीच आणली. आजारी माणसाला ते असंच खाली नेतात. चढाच्या बाजूला डोकं ठेवून पन्नास मिनिटांत त्यांनी ताईंना गावात आणलं. प्रत्येकाला पाचशे रुपये दिले. त्यांनी मागितले नव्हते, आणि तुम्हीही मागायची वाट बघू नका.

त्याच्या उलट जीपवाला. शनिवारी रात्री जेवताना मी सहज विचारलं होतं, तेव्हा लोणावळ्यापर्यंत अडीच हजार म्हणाला होता. झोळीतली बाई बघितल्यावर पाच हजार! घासाघीस करायला वेळ नव्हता, चार हजारांवर मिटलं. रस्ता खराब आहे, टायर फाटतात, हे मान्य. पण अडलेल्याला दुप्पट भाव सांगणं ही लूट आहे आणि मी तिला लूटच म्हणणार. आता मी मुक्कामाच्या रात्रीच दोन जीपवाल्यांशी 'जखमी न्यायचा झाला तर किती' असं स्पष्ट विचारून, जेवणाच्या घरच्या मालकासमोर ठरवून ठेवतो.

जीपमध्ये ताईंना मागच्या सीटवर आडवं केलं आणि पाय दोन सॅकवर उंच ठेवला. गावात घागरीतलं गार पाणी मिळालं, त्यात भिजवलेलं फडकं घोट्यावर गुंडाळत राहिलो. सूज वाढली की बँडेज आवळतं. म्हणून दर पंधरा मिनिटांनी बोटांची नखं दाबून रंग परत येतो का ते बघत होतो आणि बधिर वाटतंय का ते विचारत होतो. वाटेत एकदा बँडेज सोडून सैल बांधावं लागलं. गावातल्या एका आजींनी प्रेमाने तेल चोळायला आणलं होतं. चोळू दिलं नाही. ताज्या दुखापतीला चोळणं आणि शेक, दोन्हींनी सूज वाढते.

जीपला दीड तास लागला. लोणावळ्यातल्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. फ्रॅक्चर नाही, पण डॉक्टरांच्या तपासणीत बाहेरचा स्नायुबंध अर्धवट फाटलेला. घोट्याला ब्रेस, तीन आठवडे आराम. तिथून रेल्वेने यायचा विचारही करू नका. एका पायावर पूल चढायचे, मग गर्दीचा डबा. टॅक्सी करून मुलुंडला सोडलं, तेव्हा सव्वानऊ झाले होते. बाकीचे बारा जण सहाच्या सुमाराला कोंदिवड्यात पोचले, त्यांचा निरोप मला लोणावळ्यात मिळाला.

हीच वाट उतरणार असाल तर ओढ्याच्या अलीकडे, जिथे झाडी दाट व्हायला लागते, तिथे गट थांबवा. कुणाचा पाय, गुडघा काही बोलत असेल तर तिथेच त्याला दगडावरून उतरवून बघा. जमलं नाही तर वळा. ओढ्यात शिरल्यावर परतीचा प्रत्येक दहा मिनिटांचा उतार झोळीवाल्यांना अर्ध्या तासाचा चढ होतो. आम्ही एकला चाळीसलाच वळलो असतो, तर ताई चालत, काठ्यांवर, गावात आल्या असत्या आणि घोटा दुसऱ्यांदा वळला नसता. मी त्यांना हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीच म्हटलं ना चालेन म्हणून." ते बरोबर नाही. चालेन असं प्रत्येक जण म्हणतो. ते ऐकून घेऊन पाय बघायचा असतो, आणि बघायचा कुणी, तर मी.