विक्रीचा आकडा आणि वाइंडिंगचे तास: आमच्या मासिक बैठकीचा अनुभव

आमचा कारखाना कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. शेतीचे मोनोब्लॉक पंप बनवतो, तीन, पाच आणि साडेसात एचपीचे. मी प्लॅनिंग आणि स्टोअर्स बघते. फेब्रुवारी ते मे हा आमचा सीझन. नदीकाठचा ऊस तहानलेला असतो आणि डीलरला पंप आज हवा असतो. नेमक्या त्याच दिवसांत गोडाऊनमध्ये पाच एचपीचे पंप छताला लागलेले असायचे आणि साडेसातच्या ऑर्डरी लटकलेल्या. सेल्सचे साहेब म्हणायचे, शॉप माल देत नाही. शॉपचे, म्हणजे उत्पादन विभागाचे फोरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणायचे, "आदी सांगायचं न्हाई आणि शेवटच्या आठवड्यात बोंब मारायची."

2024 च्या दिवाळीनंतर मालकांनी दर महिन्याच्या 25 तारखेला बैठक ठरवली. सेल्स, शॉप, खरेदी, मी आणि मालक. सुरुवातीच्या बैठका मागच्या महिन्याचा माल का गेला नाही यावरच संपायच्या. म्हणून मागच्या महिन्याला पहिली दहा मिनिटं आणि उरलेला वेळ पुढच्या तीन महिन्यांना, असं मालकांनी बांधून दिलं.

खरी अडचण भाषेची होती. सेल्सचं टार्गेट रुपयांत, शॉपचा हिशोब नगांत. पन्नास लाखांचा माल म्हणजे कुठले पंप किती, हे कुणीच लिहीत नव्हतं. त्यामुळे टार्गेट गाठण्यासाठी सेल्स जे विकलं जाईल ते विकायचं, आणि नग जास्त दिसावेत म्हणून शॉप सेटिंग न बदलता एकच मॉडेल ओढत राहायचं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, माल मात्र चुकीचा तयार होत होता. मग सेल्सने 22 तारखेपर्यंत मला नगांत आकडा द्यायचा असं ठरलं. तोही एकेका मॉडेलचा नाही, एचपीनुसार तीनच ओळींत. सिंगल फेज किती, थ्री फेज किती, डिलिव्हरीचा साइज कुठला, हे आठवड्याला ठरवता येतं. महिनाभर आधी ते विचारलं की माणूस अंदाजपंचे काहीतरी लिहून मोकळा होतो.

दुसरी गोष्ट, शॉपची क्षमता नेमकी कशात मोजायची. मशीन शॉपला बऱ्यापैकी वाव होता, टेस्ट बेंचही रिकामा मिळायचा. अर्धवट माल कुठे साचतो ते बघत मी शॉपमध्ये फिरले. स्टॅम्पिंग भरलेले स्टेटर, म्हणजे मोटरचे न फिरणारे भाग, नेहमी एकाच ठिकाणी रांगेत उभे दिसायचे, वाइंडिंगच्या टेबलांपुढे. तिथे तांब्याच्या तारेची कॉइल हाताने भरतात, आणि ते काम शिकलेला माणूस आठवड्यात तयार होत नाही. आमच्याकडे आठ वाइंडर आहेत. 25 दिवस, दिवसाला साडेसात तास, म्हणजे कागदावर 1500 तास. रजा आणि खाडे धरून 15 टक्के वजा केले की हातात राहतात 1275. मामांशी बसून एका नगाला लागणारा वेळ काढला: तीन एचपीला दोन तास, पाचला अडीच, साडेसातला चार. पुढची सगळी चर्चा या तीन आकड्यांवर चालली.

2025 च्या मार्चचं उदाहरण देते. सेल्सची मागणी होती तीन एचपीचे 250, पाचचे 260, साडेसातचे 100. तास झाले 500, 650 आणि 400, एकूण 1550. म्हणजे 275 तास कमी पडत होते. पूर्वी इथे दोन्ही बाजूंनी आवाज चढला असता. आता पाच एचपीचे 80 पंप गोडाऊनमध्ये तयार होते, ते वजा केले. 200 तास सुटले. उरले 75. पाच दिवस आठ वाइंडरांना दोन-दोन तास ओव्हरटाइम दिला की 80 तास मिळतात. ओव्हरटाइमचा दर दुप्पट, म्हणून किती खर्च येईल ते तिथल्या तिथे सांगितलं आणि मालकांनी मान्य केलं.

साडेसातच्या 100 वर मात्र मी अडले. मागच्या महिन्यांचे कागद लावून बघितले, तर साडेसातचा आकडा दर वेळी जास्त आणि प्रत्यक्ष डिस्पॅच साठ-सत्तरच्या आसपास. अंदाज कधी वर, कधी खाली गेला तर समजू शकतं. सतत एकाच बाजूला चुकत असेल तर त्याला कारण असतं. सेल्सच्या साहेबांनी ते मोकळेपणाने सांगितलं. पाणीपुरवठा संस्थांकडून चौकशी आली की ते ती मोजायचे, नाहीतर ऐनवेळी माल मिळत नाही. त्यावर दोन रकाने केले, एक लेखी ऑर्डरचा आणि एक अपेक्षेचा. लेखीचं वाइंडिंग आधी. अपेक्षेचं कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मागवून ठेवायचे, पण तांब्याची तार लेखी ऑर्डर आल्याशिवाय भरायची नाही. कास्टिंग रॅकवर पडून राहिलं तर फारसं बिघडत नाही. मोटर भरून ठेवली की तांब्यात पैसा अडकतो.

फौंड्रीकडून कास्टिंग यायला आम्हाला चार आठवडे लागतात. म्हणून पहिला महिना पक्का, दुसऱ्यात एचपीची अदलाबदल चालेल, तिसरा फक्त अंदाज, अशी रचना बसली. यातला पक्का महिना पाळणं सर्वांत अवघड गेलं, कारण डीलरचा फोन थेट मालकांना येतो. एप्रिलमध्ये बेळगावच्या एका डीलरला साडेसातचे 20 पंप लगेच हवे होते. मालक शॉपमध्ये आले आणि मामांना म्हणाले, "एवढं बसवा." मामांनी मला हाक मारली. मी प्लॅनचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. "साहेब, 80 तास लागतील. तीनचे 40 काढावे लागतील. कुणाचे काढायचे?" त्यांनी यादी वाचली, दोन डीलरांना स्वतः फोन करून आठवडाभराची मुदत मागितली आणि कागदावर सही केली. तेव्हापासून हाच नियम आहे: एक घुसवायचं तर तेवढ्याच तासांचं दुसरं काढायचं, आणि ज्याचा माल पुढे गेला त्याला त्याच दिवशी कळवायचं. नियम झाल्यावर असे फोन बरेच कमी झाले. माझ्या मते सगळ्या बैठकीचा कणा हा आहे. तो मोडला तर 25 तारखेचा कागद फक्त फाईलला लावायचा.

एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट धरावी लागते. चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा आणि त्याच दिवसांत गावोगावच्या जत्रा. वाइंडर सगळे आसपासच्या गावचे, ते सुट्टी घेणारच. म्हणून त्या महिन्यात 15 ऐवजी 20 टक्के वजा करून 1200 तासच धरले. हे मामांनी सुचवलं आणि ते तंतोतंत उतरलं.

पावसापुढे मात्र इलाज नाही. त्या वर्षी मे महिन्यातच जोराचा पाऊस झाला, 26 तारखेला मान्सून मुंबईत पोहोचलासुद्धा, आणि आमची मागणी एकदम थांबली. मेच्या पक्क्या प्लॅनमधले पंप बनून बसले, ते टळणं शक्य नव्हतं. पण जून आमच्या कागदावर आधीपासूनच कमी धरलेला होता, त्यामुळे फौंड्रीला थोडकीच ऑर्डर गेली होती. जूनमध्ये वाइंडरांना कामाविना बसवायला नको म्हणून फक्त पाच एचपी भरायचं ठरलं, कारण तो पंप आमच्या सगळ्या भागांत खपतो. साडेसातची उरलेली कास्टिंगं रंग मारून रॅकवर ठेवली. स्पेअर पार्ट अजून या बैठकीत आणलेले नाहीत. त्यांची मागणी किरकोळ आणि अनियमित असते, ती मी स्टोअर्समध्येच किमान साठा ठरवून सांभाळते.