पाचव्या डोसआधीचा खोकला

चतुर्थी आठवड्यावर आलेली. पेडण्याच्या बाजूच्या एका गावातून काकी पाचव्या डोससाठी आमच्या डे-केअरमध्ये आल्या होत्या. स्तनाचा कॅन्सर यकृतात पसरलेला, हॉर्मोनच्या गोळ्या आणि एक केमो घेऊन झालेली. आता ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन चालू होतं, दर तीन आठवड्यांनी. चार डोसांनंतरच्या सीटीत यकृतातली मोठी गाठ निम्म्याहून लहान झाली होती. घरात किती दिवसांनी चतुर्थीची तयारी मनापासून चालली होती, हे सून सांगत होती.

बोलता बोलता काकी दोनदा खोकल्या. कफ नाही, ताप नाही, नुसता कोरडा ठसका. "पावसाचा खोकला आहे, डॉक्टर. कशाय घेतेय," त्या म्हणाल्या. गोव्यात पावसाळ्यात कोण खोकत नाही! पण या औषधावर असलेल्या माणसाचा कोरडा खोकला मी साधा धरत नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावलं तर ९७. तेच लावून सिस्टरने त्यांना कॉरिडॉरमधून दोन फेऱ्या मारायला लावल्या, तर आकडा ९१ वर आला. सलाईन लावायचं थांबवलं आणि काकींना छातीच्या सीटीला पाठवलं. दोन्ही फुप्फुसांत, जिथे काळं दिसायला हवं तिथे, धुरकट काचेसारखे पांढुरके डाग होते.

सून गोंधळली. "तुम्हीच सांगितलं होतंत ना, की हे औषध थेट कॅन्सरच्या पेशीत जातं? मग फुप्फुसात कसं गेलं?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी कागद घेतला. काकींचं वजन ५२ किलो. किलोमागे ५.४ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी साधारण २८१ मिलिग्रॅम औषध. त्यातली खरी केमो जेमतेम सात मिलिग्रॅम, बाकी सगळी अँटिबॉडी. एकेका अँटिबॉडीला केमोचे सुमारे आठ रेणू एका छोट्या दुव्याने जोडलेले असतात. रक्तात फिरताना हा दुवा बहुतांशी टिकून राहतो. कॅन्सरच्या पेशीवर हर-टू नावाचं प्रथिन असतं, त्याला अँटिबॉडी चिकटते आणि पेशी त्या दोघांना आत ओढून घेते. आत लायसोसोम नावाच्या पिशवीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात, ती हा दुवा तोडतात. मग मोकळी झालेली केमो टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम अडवते, विभागणीच्या वेळी डीएनए तुटतो आणि पेशी मरते.

काकींच्या गाठीत हर-टू अगदी कमी होतं, तपासणीत १+. जुन्या हिशेबाने हा रिपोर्ट 'निगेटिव्ह'. तरीही औषध लागू पडलं, कारण सुटलेली केमो पेशीच्या पडद्यातून बाहेर झिरपते आणि शेजारच्या, हर-टू नसलेल्या पेशींनाही मारते. अशा कमी हर-टूच्या रुग्णांना या औषधाचा फायदा होतो, हे २०२२ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं. माझ्या मते या औषधाची खरी करामत हीच.

"आणि फुप्फुस?" सुनेने पुन्हा विचारलं.

अँटिबॉडी आत घ्यायला हर-टू लागतंच असं नाही. फुप्फुसात वायुकोशांची साफसफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी असतात, मिळेल ते गिळणं हेच त्यांचं काम. माकडांवरच्या अभ्यासात हे औषध फुप्फुसात मुख्यतः याच पेशींत सापडलं. त्यांच्याही पोटात लायसोसोम असतो, तिथेही दुवा तुटतो, आणि केमो भलत्याच जागी मोकळी होते. सीटीतले डाग म्हणजे त्यातून आलेली फुप्फुसाची सूज. साधारण दहातल्या एका रुग्णाला ती येते, आणि काही जण त्यात दगावतातही.

नुसत्या सीटीत डाग असते आणि काकींना काहीच त्रास नसता, तर औषध थांबवून, डाग पूर्ण गेल्यावर पुन्हा देण्याचा विचार करता आला असता. पण खोकला होता, चालल्यावर ऑक्सिजन उतरत होता. ही त्या सुजेची दुसरी पायरी, आणि तिथे नियम पक्का आहे: औषध कायमचं बंद. गाठ वितळत असताना हे सांगणं मला फार जड गेलं. काकी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "श्वासच नसेल तर गाठ गेली काय, राहिली काय."

जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहायला थुंकी आणि रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट न पाहता प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं, किलोमागे एक मिलिग्रॅम. दोन आठवडे पूर्ण डोस, मग महिनाभर हळूहळू कमी. संसर्ग निघाला नाही. स्टेरॉइडने साखर वाढली, ती सांभाळावी लागली. चतुर्थीला काकी घरी होत्या. खोकला ओसरला, पुढच्या सीटीत डाग जवळजवळ गेले, आणि मग आम्ही एरिब्युलिन ही वेगळी केमो सुरू केली.

आता या औषधावरच्या प्रत्येकाला डोसआधी ऑक्सिमीटर लावून सिस्टर कॉरिडॉरमधून चालवते, खोकला असो वा नसो.