भोक डावीकडं की उजवीकडं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात हायड्रॉलिकचे मॅनिफोल्ड ब्लॉक होतात. लोखंडाचा चौकोनी ठोकळा, त्याला चहूबाजूंनी भोकं, आणि ती आत एकमेकांना मिळालेली. त्यातनं दोनशे बारच्या वर दाबानं तेल फिरतं. म्हणून भोक चुकीच्या बाजूला पडलं तर ते भरून चालवता येत नाही, ठोकळा सरळ भंगारात जातो. तिथं क्वालिटीचं काम मी बघते. इन्स्पेक्टरची एक जागा निघाली आणि मुलाखती घ्यायचं माझ्याकडं आलं.

आमची पद्धत साधी आहे. थोडं बोलणं, मग व्हर्नियर आणि बोअर गेज हातात देऊन दोन-तीन मापं घ्यायला लावायची, आणि शेवटी एक ड्रॉइंग वाचायला द्यायचं. चाळीसपैकी दहा मार्क या ड्रॉइंगला. ते आमच्याच एका जुन्या ब्लॉकचं होतं. मूळ कागद मोठा, त्याची ए-फोरवर काढलेली झेरॉक्स मी बरीच वर्षं वापरत आले होते. कागदावर दोनच व्ह्यू. डाव्या हाताला समोरचा व्ह्यू, त्याच्या उजवीकडं बाजूचा व्ह्यू, आणि त्या बाजूच्या व्ह्यूमध्ये एक वर्तुळ. शेजारी व्यास आणि खोली लिहिलेली. प्रश्न एवढाच की ठोकळा समोर धरला तर हे भोक डाव्या बाजूला येतं की उजव्या? माझं उत्तर उजव्या बाजूला असं होतं.

सात जण आले होते. खानापूर, निपाणी, हुक्केरी, एक जण पलीकडनं चंदगडचा. हुक्केरीच्या मुलाला मराठी समजत होतं पण बोलायला जड जात होतं, त्याच्याशी मी कानडीत बोलले. बहुतेकांनी ड्रॉइंगकडं बघून पटकन उत्तर दिलं. खानापूरकडची एक मुलगी मात्र कागद उलटसुलट करून बघत बसली. आयटीआयची मशिनिस्ट, नुकतीच पास झालेली.

"मॅडम, ह्यात सिम्बॉल कुठं आहे?"

"जेवढं आहे तेवढ्यात सांग."

"फर्स्ट अँगल आहे का थर्ड अँगल, ते कळल्याशिवाय कसं सांगू? तुटक रेषा पण काढलेल्या नाहीत. दोन्हीकडं होऊ शकतंय."

"एक काहीतरी सांग की."

"नाही सांगता येणार मॅडम."

मी शून्य मांडलं आणि पुढच्याला बोलावलं. त्या क्षणी मला ती आडमुठी वाटली होती. घाई होती हे खरं, पण घाई नसती तरी मी तेच केलं असतं, कारण माझ्या डोळ्यांपुढं तो ब्लॉक होता. मी तो हातात घेऊन कितीतरी वेळा मापलेला. कागदावर बघताना मला कागद दिसतच नव्हता, ठोकळाच दिसत होता.

संध्याकाळी मार्कांची बेरीज करताना सातही कागद टेबलावर मांडले. ड्रॉइंगच्या रकान्यात दोघांना दहा, पाच जणांना शून्य. मापं घेताना ज्यांचा हात चांगला चालला होता त्यातलेही इथं शून्यावर. मग मी उत्तरांसमोर कोण कुठून आलंय ते बघत गेले. "उजवीकडं" म्हणणारे दोघंही एक्स्पोर्टचं काम करणाऱ्या शॉपमध्ये वर्षभर राहून आलेले. "डावीकडं" म्हणणारे चौघंही आयटीआय नाहीतर डिप्लोमा करून थेट आलेले. आणि खानापूरची मुलगी, जिनं उत्तरच दिलं नव्हतं. ड्रॉइंग कुणाला वाचता येतं ते माझा प्रश्न मोजतच नव्हता. कोण आधी कुठल्या गेटमधनं आत गेला होता, तेवढंच त्यातनं कळत होतं.

मी उठून ड्रॉइंगच्या कपाटातनं मूळ कागद काढला. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमध्ये थर्ड अँगलचं सिम्बॉल स्वच्छ छापलेलं होतं. झेरॉक्स मारताना खालची ती पट्टीच कापली गेली होती.

हे ज्यांच्या कामातलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडं आयटीआयमध्ये आणि पॉलिटेक्निकमध्ये फर्स्ट अँगल शिकवतात, भारतीय मानकाची पद्धत तीच. ठोकळा टेबलावर ठेवून वरनं बघा आणि तो उजवीकडं कलंडवा. आता वर आली ती त्याची डावी बाजू. फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडं काढलेला व्ह्यू हा असा डाव्या बाजूचा असतो. अमेरिकेकडची ड्रॉइंग थर्ड अँगलची. त्यात जी बाजू उजवीकडं तिचा व्ह्यूही उजवीकडंच. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, आणि कुठली वापरलीय ते सांगायला टायटल ब्लॉकमध्ये टोक कापलेल्या शंकूचं छोटं चित्र असतं. त्यातली दोन वर्तुळं शंकूच्या उजवीकडं असली तर फर्स्ट, डावीकडं असली तर थर्ड. ते चित्र नसलं तरी समोरच्या व्ह्यूमध्ये भोकाच्या तुटक रेषा असत्या तर त्या कुठल्या कडेपासनं सुरू होतात त्यावरनं बाजू कळली असती. आमच्या ड्रॉइंगमध्ये तुटक रेषा काढलेल्या नव्हत्या, खोली नुसती आकड्यात दिलेली. म्हणजे त्या झेरॉक्सवरनं डावीकडंही बरोबर आणि उजवीकडंही बरोबर. पाहिजे तेवढी माहिती नाही, हे एकच उत्तर पूर्ण खरं होतं, आणि त्यालाही मी शून्य दिलं होतं.

सगळ्यांना सरसकट दहा मार्क देऊन टाकावेत, असं आधी मनात आलं. पण त्यानं जी मुलगी अडली होती आणि जे न अडता पुढं गेले, ते सगळे एका ओळीत येतात. फक्त तिला दहा देऊन तिच्यापुरतं मिटवावं, तर बाकीच्यांना मी कधी सांगितलं होतं की अडणं हेही उत्तर चालतं? "एक काहीतरी सांग" असं मी स्वतःच म्हणत होते. शेवटी ठरवलं की तो प्रश्न सगळ्यांच्याच बेरजेतनं काढायचा, सगळ्यांना परत बोलवायचं, का बोलावतोय ते खरं सांगायचं, आणि येण्याजाण्याचं भाडं कारखान्यानं द्यायचं.

मालकांना हे पटेना. एक्स्पोर्टच्या शॉपमधनं आलेला एक मुलगा सगळ्यात वर होता, त्याला फोन करायचा तेवढा बाकी होता. "मॅडम, मुलगा चांगला आहे म्हणताय, मग परत हे कशाला?" मी त्यांना बारा ब्लॉकच्या लॉटची आठवण करून दिली. बाहेरच्या एका पार्टीनं ड्रॉइंगचा मोबाईलवर फोटो काढून पाठवला होता, खालची पट्टी फोटोत आलीच नव्हती, आणि आमच्यातल्या कुणीही न विचारता बाराच्या बारा ब्लॉकना उलट्या बाजूला भोक पाडलं होतं. "त्या दिवशी सिम्बॉल कुठं आहे म्हणून विचारणारं एक माणूस आपल्याकडं असतं तर?" मालक थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बोलवा सगळ्यांना."

फोनवर जे कारण होतं तेच सांगितलं: झेरॉक्स अर्धवट होती, प्रश्न चुकीचा होता, तुमची चूक नाही. पहिल्या नंबरवर असलेला मुलगा नाराज झाला. "माझं उत्तर बरोबर होतं ना मॅडम? मग मी कशाला परत द्यायची परीक्षा?" त्याचं दुखणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, तुझं उत्तर ब्लॉकशी जुळलं, पण त्या कागदावरनं ते कुणालाच खात्रीनं सांगता येण्यासारखं नव्हतं, तुलासुद्धा. तू मापात चांगला आहेस, ते मार्क कुठं जात नाहीत. तो आला.

या वेळी दोन कागद ठेवले. पहिल्यावर सिम्बॉलसकट पूर्ण ड्रॉइंग, आणि टेबलावर एकमेकांचे आरशातले वाटावेत असे दोन ठोकळे. यातला ड्रॉइंगप्रमाणे कुठला, आणि कशावरनं? निम्मे मार्क "कशावरनं"ला. हुक्केरीच्या मुलानं दोन्ही ठोकळे हातात घेतले, सिम्बॉलवर बोट ठेवलं आणि कानडीत पाच वाक्यांत सगळं सांगितलं. पहिल्या वेळी याच मुलाला मी शून्य दिलं होतं. दुसरा कागद म्हणजे तीच जुनी, पट्टी कापलेली झेरॉक्स, पण प्रश्न बदललेला: या कागदावर काम सुरू करायच्या आधी तुम्हाला काय विचारायचं आहे? आता अडायला जागा होती, आणि ती आहे हे सगळ्यांना माहीत होतं. तिघांनी सिम्बॉल विचारलं. पहिल्या नंबरच्या मुलानं मटेरियल आणि टॉलरन्स विचारलं, सिम्बॉल नाही. खानापूरच्या मुलीनं सिम्बॉल तर विचारलंच, शिवाय ही कुठल्या रिव्हिजनची कॉपी आहे आणि मूळ कागद बघायला मिळेल का, तेही विचारलं.

नवी बेरीज केली तेव्हा ती सगळ्यात वर आली, हुक्केरीचा मुलगा दुसरा, आधीचा पहिला तिसरा. जागा एकच होती, ती तिला मिळाली.

सातातला निपाणीचा मुलगा मात्र आला नाही. मधल्या काळात शिरोलीला कोल्हापूर एमआयडीसीत त्याला काम लागलं होतं. त्याच्या बाबतीत माझ्या हातात फार काही उरलं नव्हतं, तरी उत्तराचं काय झालं ते त्याला पूर्ण सांगितलं. पलीकडं जरा वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "म्हणजे फर्स्ट अँगलनं माझं डावीकडं बरोबरच होतं?"

"बरोबरच होतं."

"मला वाटलं आमच्या सरांनी शिकवलेलंच चुकलंय. त्यांना जाऊन विचारलं पण होतं मी, ते म्हणाले बरोबर आहे तुझं, पण मला खरं वाटलं नाही."

त्याच्याकडनं त्या सरांचा नंबर घेतला. आमच्याकडं बाद झालेले, दोन्ही पद्धतींचे ठोकळे आणि त्यांची ड्रॉइंग त्यांच्या वर्कशॉपला चालतील का विचारलं. चालतील म्हणाले, आणि पुढच्या बॅचला शिकवायच्या आधी पाठवा म्हणाले. पाठवताना प्रत्येक कागदाचा खालचा उजवा कोपरा मी स्वतः तपासून घेतला.