तापीमाय खारी होते तिथे: अमळनेरहून डुमसच्या चिखलात

आमच्याकडे तापी म्हणजे मुडावदचा संगम, प्रकाशाचा घाट, सारंगखेड्याचा पूल. पुढे उकाईच्या पाण्यात ती दिसेनाशी होते आणि मग तिचं काय होतं हे सुरतेला कामाला गेलेल्या नातेवाइकांनाही धड सांगता येत नाही. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. खाडी, खारफुटी, क्षारता हे सगळं वीस वर्षं फळ्यावर काढलं, पायाखाली मात्र कधी घेतलं नव्हतं. म्हणून माघ वद्य अष्टमी गाठून आम्ही दोघं, मी आणि शेतकरी असलेला माझा आतेभाऊ, रात्रीच्या गाडीनं सुरतेजवळ उधन्याला उतरलो. तिथे मामा राहतात, त्यांची दुचाकी मिळाली. तापीच्या मुखाजवळचं डुमस सुरतेपासून वीसेक किलोमीटर आहे. किनाऱ्यावरची भज्यांची गर्दी टाळून अलीकडच्या एका लहान खाडीकडे वळलो.

पहिली चूक तिथेच उघडी पडली. रत्नागिरीच्या एका मित्राने भरतीचा हिशोब शिकवला होता: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे सहा वाजता भरती, मग साडेआठला ओहोटी निम्मी झालेली असणार. आम्ही साडेआठला पोचलो तर खाडी काठोकाठ. हा हिशोब कोकणासाठी आहे. खंभातच्या आखातात भरतीची लाट आत शिरायला वेळ घेते, त्यामुळे सुरतेची भरती मुंबईच्या बऱ्याच मागून येते, आणि पाणी चढतं-उतरतंही मुंबईपेक्षा जास्त. तेव्हा जाणाऱ्यांनी तापीच्या मुखाशी असलेल्या हजिराचं भरतीचं कोष्टक बघावं, मुंबईचं नाही. आणि ओहोटी लागल्यावरच चिखलात उतरावं, कारण मग पाण्याला पाठ देऊन उभं राहिलं तरी ते दूर जात असतं. भरती लागताना आपण दोन नाल्यांच्या मधे सापडलो तर मागचा नाला आधी भरतो.

अष्टमी निवडण्यामागे मात्र कारण होतं. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण येतं, पाणी पार वरच्या माळापर्यंत पोचतं. सप्तमी-अष्टमीला भांगाची भरती, ती अर्ध्यातच थांबते. म्हणजे वरचा भाग काही दिवस कोरडा पडलेला असतो आणि त्याने काय केलंय ते स्पष्ट दिसतं.

सोबत दोन यंत्रं होती. एक घरचं पाण्याचा टीडीएस बघायचं पेनासारखं मीटर, दुसरं पाण्यातलं मीठ मोजायचं, हातात धरून डोळ्याला लावायचं रिफ्रॅक्टोमीटर. टीडीएस मीटर खाडीत काही कामाचं नाही. ते साधारण दहा हजारांपर्यंत, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम क्षारापर्यंत मोजतं आणि मग नुसत्या रेघा दाखवतं. समुद्राचं पाणी पस्तीस ग्रॅमचं. रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात, पण आधी डिस्टिल्ड वॉटर टाकून काटा शून्यावर आणायचा. इथलं पाणी इतकं गढूळ की रेषा धूसर दिसते. आम्ही बाटलीत पाणी दहा मिनिटं निवळू दिलं, मग रुमालातून गाळलं. मातीतलं पाणी काढायला हातभर खड्डा करायचा आणि त्यात झिरपलेलं पाणी मोजायचं. जिथे झिरपत नाही तिथे चिखल कापडात घालून पिळायचा. हे काम आतेभावाच्या मनगटानं केलं.

खाडीपासून आत, बांधापर्यंत, सरळ रेषेत दीडशे पावलं चालायचं ठरलं. निघण्यापूर्वी त्याला विचारलं, मीठ कुठे जास्त असेल? तो म्हणाला, "समुद्राजोडे जास्त, गावाजोडे कमी. यामा काय इचारनं?" खरं सांगतो, माझ्याही मनात आधी तेच चित्र होतं.

खाडीचं पाणी निघालं लिटरला सत्तावीस ग्रॅम. काठाच्या उतारावर नुसता गुळगुळीत चिखल, त्यावर निवट्या मासळ्या उड्या मारत होत्या (इकडे त्यांना लेवटा म्हणतात). मग तिवरांचा पट्टा, डोक्याएवढी झाडं, गुजरातीत चेर. जमिनीतून पेन्सिलीसारखी हजारो मुळं वर आलेली, कारण या चिखलात हवा नाही. खड्डा केला की सडक्या अंड्यांचा वास येतो आणि आतली माती काळी निघते. तिथल्या खड्ड्यातलं पाणी तेहतीस. पन्नास-साठ पावलांनंतर तीच तिवरं कमरेएवढी खुरटी झाली, पानं पिवळसर. पाणी पंचेचाळीस. पुढे झाडं संपली आणि मोरस व सॅलिकॉर्नियाचे गुडघ्याखालचे, पाण्यानं फुगलेल्या कांड्यांचे लालसर झुपके लागले. तिथे चिखल पिळावा लागला: साठच्या वर. त्यापुढे तीसेक पावलं काहीच नाही. पांढरा पापुद्रा, पायाखाली कुरकुर वाजणारा. पिळून दोन थेंब निघाले, काटा ऐंशीच्या पुढे. म्हणजे समुद्राच्या दुपटीपेक्षा जास्त मीठ, समुद्रापासून लांब!

आतेभाऊ खाली बसला, पापुद्रा बोटानं उचलून जिभेला लावला आणि म्हणाला, "हाई तं आपला खारपट शे." तेच आहे. जास्त पाणी दिलेल्या काळ्या रानात पाणी उडून जातं आणि क्षार वर येऊन बसतो, तसं इथे महिन्यातून दोनदा उधाण मीठ आणून ओततं आणि मधले कोरडे दिवस पाणी उडवून नेतात. खालच्या पट्ट्यात भरती रोज दोनदा येते, ती जुनं मीठ धुऊन नेते, म्हणून तिथली माती समुद्रापेक्षा फार खारट होऊच शकत नाही. बांधाला पोचल्यावर पुन्हा वेडी बाभूळ आणि गवत सुरू झालं. तिथे उधाणही चढत नाही आणि पावसाळ्यात मीठ धुपून जातं.

तेव्हा पट्टे वाचताना एकच रेष धरू नका. खालच्या टोकाला झाडाला अडवतं ते बुडून राहणं आणि हवा न मिळणं, वरच्या टोकाला अडवतं ते मीठ. पांढरा पट्टाही कायमचा मेलेला नसतो. पावसाळ्यात त्याच्या कडेचं मीठ उतरतं, आणि सॅलिकॉर्नियाचं बी तेवढ्यातच रुजून घेतं. मोठ्या झाडाला सोसणारं मीठ बियाला सोसत नाही. तिवराचं पान चाटून बघा: ते आत आलेलं मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. सॅलिकॉर्निया ते कांडीत साठवतं.

मग ही झाडं खाऱ्या पाण्याची हौस म्हणून इथे राहतात का? तसं नाही. अमेरिकेतल्या खाजणांमध्ये रोपांची अदलाबदल करून बघितलीय. खाऱ्या पट्ट्यातली बरीच रोपं गोड्या पाण्यात, शेजारी नसतील तर, जास्त जोमाने वाढली, आणि शेजाऱ्यांसोबत लावली तर दबून गेली. गोड्या पाण्याची रोपं मात्र खाऱ्यात मेली. तापीतही वरच्या गोड्या भागात पाणकणीस इतकं दाट उभं राहतं की दुसऱ्याला जागाच नाही.

दुपारी ओहोटीनं नाला घोट्याएवढा झाला. एक मच्छीमार काका पाग टाकत होते. त्यांची बोली गुजराती, आमची अहिराणी, पण निम्म्याहून जास्त एकमेकांना कळत होतं. पाग उघडला तर बोटाच्या पेराएवढी बोय, नखाएवढी कोळंबी आणि एक-दोन खेकडे. मोठा मासा एकही नाही. काकांनी बोय परत नाल्यात सोडली. मोठा मासा इथे येत का नाही, याची कारणं जागेवरच दिसत होती: पाणी उथळ, गढूळ, मुळांनी भरलेलं. शिकारी मासा नजरेनं शिकार करतो आणि त्याला वळायला जागा लागते. शिवाय बोयचं खाणं म्हणजे चिखलावरची तपकिरी साय, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. ती भरतीबरोबर आत येते, साय चरते, ओहोटीबरोबर खाली जाते.

पिल्लं इथे वाढण्याचं तिसरं कारण पाण्याच्या खारेपणात आहे. माशाच्या रक्तातले क्षार समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असतात, म्हणजे लिटरला दहा-बारा ग्रॅमच्या आसपास. समुद्रात त्याला सतत मीठ बाहेर टाकावं लागतं, गोड्या पाण्यात सतत पाणी बाहेर टाकावं लागतं. मधल्या खारेपणात हा खर्च कमी होतो. पिल्लाला ही बचत वाढीला मिळू शकते. म्हणून खाडीचा मधला, अर्धाखारा भाग पिल्लांसाठी महत्त्वाचा, आणि तापीत नेमका तोच आखडलाय. सुरतेत सिंगणपोरला बंधारा आहे. शहराला गोडं पाणी हवं आणि खारं पाणी वर चढायला नको, म्हणून तो बांधला. उन्हाळ्यात त्याच्या वर गोडं, खाली खारं. पूर्वी जो चढ अनेक किलोमीटरांत हळूहळू होता, तिथे आता एक पायरी आहे. बाजूची खाजणं पण कोळंबी पाळायच्या जिंगा तलावांच्या बांधांनी तुटली आहेत. बांधाच्या आत तिवर हिरवं दिसलं तरी भरती आत शिरत नसेल तर बोयसाठी ते नाहीच. जाणाऱ्यांनी झाड बघण्याआधी नाल्याचं तोंड उघडं आहे का ते बघावं.

पण नुसती पिल्लं दिसली म्हणून ती जागा माशांची नर्सरी ठरवू नका, हेही सांगतो. मोठे होऊन समुद्रात गेलेल्यांपैकी किती जण इथून निघाले, हे कळायला हवं. त्यासाठी माशाच्या कानातला खडा कापतात. झाडाच्या वलयांसारखे त्यात थर असतात, आणि मासा खाऱ्या पाण्यात असतानाच्या थरात स्ट्रॉन्शियम जास्त, गोड्यात कमी. लहानपणीच्या थरात ते कमी निघालं तर मासा खाडीत वाढला असं धरता येतं. आम्ही अर्थातच काही कापलं नाही.

सामानाचं थोडक्यात. रबरी बूट नकोत, चिखल ते गिळतो आणि पाय रिकामा बाहेर येतो. माझा डावा असाच गेला. घट्ट बांधलेले जुने कॅनव्हासचे बूट चालतात. तिवरांची मुळं तुडवू नका, वाट नाल्याच्या काठानं धरा. गुडघ्यापर्यंत रुतलात तर उभं राहायची धडपड करू नका, मागे बसा आणि एकेक पाय सोडवा. हजिराच्या बाजूला कारखाने आणि बंदर आहे, तिकडे विचारल्याशिवाय जाऊ नका. पिण्याचं पाणी माणशी तीन लिटर, कारण हात आणि यंत्रही त्यातच धुवावं लागतं. मीठ सुकलं तर रिफ्रॅक्टोमीटरची काच खराब होते.

परतीच्या गाडीत नवापूरला चहा घेतला. घरी येऊन दुसऱ्या दिवशी आतेभाऊ मुडावदला गेला आणि तापीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. टीडीएस मीटर तीन आकडी संख्येवर थांबलं. तो म्हणाला, "आते हाई मशीन बरोबर बोलस."