सीएमएलचा आकडा पुन्हा चढला तेव्हा

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल हा रक्ताचा कर्करोग, असलेल्या माणसाचे आयुष्य रोग किती उरला हे सांगणाऱ्या, दर तीन महिन्यांनी येणाऱ्या एका आकड्याभोवती फिरते. माझा आकडा आधी छान उतरला, मग थबकला आणि नंतर चढला. तो का चढला आणि त्यावर काय केले, हे सविस्तर लिहावेसे वाटते. निदान नुकतेच झालेल्यांना ‘गोळी घ्या, बरे वाटेल’ एवढेच सांगितले जाते. गोळी चालेनाशी झाली तर पुढे काय, हे सहसा कुणी सांगत नाही.

निदानाचे थोडक्यात सांगते. थकवा होता. डाव्या बरगडीखाली जड वाटायचे आणि चार घास खाल्ले की पोट भरायचे. रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर निघाल्या. त्या साधारण चार ते अकरा हजार असायला हव्यात. रक्ताच्या स्लाइडवर एरवी अस्थिमज्जेतच राहणाऱ्या अर्धवट वाढलेल्या पेशी दिसत होत्या, बेसोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशीही वाढलेल्या होत्या. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवताच वाढलेली प्लीहा लागली. पोट भरल्यासारखे वाटण्याचे कारण तेच होते. पेशी आटोक्यात याव्यात म्हणून हायड्रॉक्सीयुरिया सुरू झाले आणि सोबत युरिक अॅसिड वाढू नये म्हणून अॅलोप्युरिनॉल. मग बोनमॅरोची तपासणी झाली, गुणसूत्रे पाहिली गेली आणि रक्ताची पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी, पाठवली गेली.

गुणसूत्रांच्या अहवालात फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडले. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफर्ड यांनी त्याच शहरात हे आखूड गुणसूत्र पाहिले, म्हणून ते नाव. ते आखूड का दिसते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवले. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी जोडले जातात. त्या सांध्यावर २२ वरचे बीसीआर जनुक आणि ९ वरचे एबीएल जनुक एकमेकांना चिकटतात आणि निसर्गात नसलेले एक जोडजनुक तयार होते. मी डॉक्टरांना पहिल्यांदा विचारले ते हेच, की हे माझ्या मुलांना जाईल का. त्या म्हणाल्या, “नाही. हा बदल तुमच्या एका रक्तपेशीत नंतर झाला आहे. तुम्ही तो घेऊन जन्माला आला नाहीत, आणि तो तुमच्याकडून कुणाला जाणारही नाही.”

एबीएल हे टायरोसिन कायनेज आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूतून एक फॉस्फेट उचलायचा आणि दुसऱ्या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर ठेवायचा, एवढेच त्याचे काम. फॉस्फेट लागला की पुढच्या प्रथिनाला ‘विभाजन कर, मरू नको’ असा संदेश जातो. निरोगी पेशीत एबीएल स्वतःच घडी घालून बंद राहते आणि गरजेपुरते उघडते. बीसीआर जोडले गेल्यावर दोन गोष्टी घडतात. घडी पक्की ठेवणारे एबीएलचे सुरुवातीचे टोक गळते, आणि बीसीआरच्या भागामुळे ही प्रथिने एकमेकांना बिलगून परस्परांना चालू करतात. कायनेज कायमचे सुरू राहते. माझ्या दीड लाख पेशींमागे एवढे एकच प्रथिन होते, हे ऐकून मला भीतीपेक्षा दिलासा जास्त वाटला, कारण निशाणा ठरलेला होता.

त्या निशाण्यावरचे पहिले औषध इमॅटिनिब. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. कायनेजमध्ये एटीपी ज्या खोबणीत बसतो, तिथे हे औषध जाऊन बसते. मग एटीपीला जागा मिळत नाही, फॉस्फेट पुढे जात नाही आणि रोगट पेशींचा जगण्याचा संदेश तुटतो. माझा डोस दिवसाला ४०० मिलिग्रॅम होता, जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्यासह. सकाळी डोळ्यांभोवती सूज यायची, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. ते सोसण्यासारखे होते. काही आठवड्यांत पेशी नेहमीच्या पातळीवर आल्या आणि प्लीहाही हाताला लागेनाशी झाली.

सीएमएलमध्ये खरी मोजणी इथून पुढे सुरू होते. साधी रक्ततपासणी स्वच्छ दिसली तरी जोडजनुक शिल्लक असतेच. ते पीसीआरने मोजतात. बीसीआर-एबीएलच्या प्रती एका नियंत्रक जनुकाच्या तुलनेत किती आहेत, ते पाहून आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर टक्केवारीत लिहितात. त्यामुळे ०.१ टक्का याचा अर्थ हजारातली एक पेशी रोगट असा घ्यायचा नाही. उपचार न झालेल्या रुग्णांची ठरवून घेतलेली सरासरी पातळी १०० मानली, तर तिच्या हजाराव्या भागापर्यंत आकडा उतरला, असा तो अर्थ. तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १ किंवा कमी, वर्षाने ०.१ किंवा कमी, अशा पायऱ्या धरतात. ०.१ च्या खाली गेलात की त्याला मेजर मॉलिक्युलर रिस्पॉन्स म्हणतात.

माझे आकडे असे होते: तीन महिन्यांनी ७.८, सहा महिन्यांनी ०.९, वर्षाने ०.२१. शेवटचा आकडा इशाऱ्याच्या पट्ट्यात येत होता. अपयश म्हणता येणार नव्हते, पण निर्धास्त राहावे असाही नव्हता. औषध तेच ठेवून लक्ष ठेवायचे ठरले. पुढे तो ०.०८ वर आला आणि आम्ही सुटकेचा श्वास घेतला. नंतरच्या तपासणीत ०.३ आला.

या टप्प्यावर घाई करायची नसते, हे मी शिकले. पीसीआरमध्ये दुप्पट-तिपटीचा फरक नुसत्या मोजणीमुळेही पडू शकतो. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहिला तर फसगत होऊ शकते. म्हणून नमुना त्याच प्रयोगशाळेत पुन्हा पाठवला. तो १.४ आला. आता ही नुसती मोजणीतली हालचाल राहिली नव्हती.

डॉक्टरांनी आधी गोळ्यांबद्दल विचारले. आकडा चढण्याचे सर्वांत नेहमीचे कारण सुटलेले डोस असते आणि रुग्ण ते सांगायला कचरतात. माझा एकही डोस सुटला नव्हता. मग दुसरी औषधे. यकृतातल्या ज्या विकरामुळे इमॅटिनिबचा निचरा होतो, ते विकर काही औषधांमुळे जोमाने काम करू लागते आणि रक्तातले इमॅटिनिब घटते. रिफॅम्पिसिन आणि फिटची काही औषधे अशी आहेत. मी त्यातले काहीच घेत नव्हते. तेव्हा उरली म्युटेशनची, म्हणजे जनुकातल्या बदलाची, तपासणी. त्यात जोडजनुकाचा कायनेज भाग अक्षर-अक्षर वाचतात. नेहमीच्या पद्धतीने बदल दिसायचा तर त्याचा वाटा साधारण दहा ते वीस टक्के असावा लागतो. त्यामुळे आकडा फार कमी असताना ही तपासणी करून हाती काही लागत नाही.

अहवालात लिहिले होते: वाय२५३एच. कायनेजच्या २५३ व्या जागी टायरोसिनऐवजी हिस्टिडिन आले होते. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीत एवढा एक बदल.

तो एवढा महागात का पडतो, हे मी डॉक्टरांकडून बसून समजून घेतले. इमॅटिनिब कायनेजच्या एकाच ठेवणीत बसते, ते बंद, घडी घातलेले असताना. अंगावर बेतून शिवलेला सदरा जसा त्याच अंगाला बसतो, तसे. २५३ वी जागा खोबणीवर झुकणाऱ्या एका वळशात येते, आणि औषधाला धरून ठेवणारी दुमड हाच वळसा घालतो. तिथले टायरोसिन गेले की दुमड टिकत नाही आणि इमॅटिनिबची पकड सुटते. एटीपीला मात्र त्या दुमडीची गरज नसते. तो पूर्वीसारखाच येतो आणि कायनेज चालू लागते.

हा बदल औषधामुळे झाला का, हा प्रश्न मला छळत होता. तसे नसते. कोट्यवधी पेशी विभागताना चुका होतच असतात आणि असा बदल असलेल्या पेशी बहुधा थोड्या प्रमाणात आधीपासून असतात. औषध बाकीच्यांना मारते आणि या उरतात, वाढतात. ०.०८ च्या वेळी दबून राहिलेली एक फांदी १.४ पर्यंत वाढली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढचे औषध म्युटेशन पाहून ठरते, आणि मला वाटते या आजाराच्या उपचारातली सर्वांत नेमकी गोष्ट हीच आहे. वाय२५३एच असेल तर निलोटिनिबचा फारसा उपयोग नसतो, कारण तेही बंद ठेवणीवरच अवलंबून असते. डॅसाटिनिब कायनेज उघडे असतानाही बसते, म्हणून ते निवडले. माझ्या अहवालात टी३१५आय हा बदल असता, तर ही तिन्ही बाद झाली असती, कारण तो खोबणीच्या तोंडाशीच अडथळा उभा करतो. त्यासाठी पोनॅटिनिब असते, किंवा खोबणी सोडून कायनेजच्या दुसऱ्याच खाचेत बसून त्याची घडी पुन्हा घालणारे असिमिनिब.

डॅसाटिनिब १०० मिलिग्रॅम सुरू झाले. नवी सूचना एकच होती: आम्लपित्ताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, कारण पोटातले आम्ल घटले की हे औषध नीट शोषले जात नाही. पहिल्या तीन महिन्यांत आकडा ०.१९ वर आला, पुढच्या तीन महिन्यांत ०.०४ वर.

नंतर कोरडा खोकला सुरू झाला आणि आडवे झाले की दम लागायचा. आधी सर्दी वाटली, पण डॅसाटिनिब घेणाऱ्याने दम लागणे अंगावर काढायचे नसते, हे मला आधीच बजावून ठेवले होते. एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या आवरणात पाणी दिसले. हा या औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि तो काही वर्षांनीही उद्भवू शकतो. औषध थोडे दिवस थांबवले, पाणी ओसरले, आणि ७० मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू केले. डोस उतरवला की आकडा चढेल, ही माझी धास्ती. तो चढला नाही. सध्या ०.०१ च्या खाली आहे.

औषध कधी थांबवता येईल का, हे मी विचारले. दीर्घकाळ अगदी खोल प्रतिसाद टिकलेल्या काही रुग्णांमध्ये गोळी देखरेखीखाली थांबवतात. त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये आकडा परत चढतो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केली की सहसा उतरतो. या औषधांनी अस्थिमज्जेतल्या सुप्त मूळपेशी पूर्णपणे मरत नाहीत, म्हणून हा धोका उरतो. पण ज्यांच्यात एकदा प्रतिकार दिसला आहे, त्यांच्यासाठी औषध थांबवण्याचा प्रयोग सहसा सुचवत नाहीत. मी त्यांच्यात मोडते. तेव्हा गोळी चालू आहे, दर तीन महिन्यांनी त्याच प्रयोगशाळेत नमुना जातो, आणि आकडा ०.१ च्या वर गेला तर आधी पुन्हा मोजायचे, मग म्युटेशन पाहायचे, हे डॉक्टरांचे आणि माझे ठरले आहे.